हायपो आणि अ‍ॅसिड: टॉयलेट साफ करताना आलेला खोकला

प्रश्न: मी हॉस्पिटलमध्ये हाऊसकीपिंगला नवीन लागलोय. टॉयलेट फार पिवळं झालं असेल तर हायपो आणि अ‍ॅसिड दोन्ही मिळून टाकलं तर चालतं का? काल मावशींनी टाकलं तर आम्हा दोघांना खूप खोकला आला.

अजिबात टाकू नका. आणि आधी हे बघा, मावशींना आज दम लागतोय का, छाती आवळल्यासारखी वाटतेय का, खोकला वाढलाय का? तुमचंही तेच. तसं असेल तर आत्ताच कॅज्युअल्टीत जा आणि क्लोरीन गॅस छातीत गेलाय असं स्पष्ट सांगा, नुसतं "सर्दी-खोकला" सांगू नका. या गॅसचा त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो, फुफ्फुसात पाणी धरतं, म्हणून जास्त गॅस लागलेल्या माणसाला डॉक्टर 24 तासांपर्यंत देखरेखीखाली ठेवतात. दमा असेल तर अजिबात थांबू नका.

मी बारा वर्षं हॉस्पिटलच्या हाऊसकीपिंगमध्ये सुपरवायझर होतो. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट, आणि टॉयलेट क्लीनर किंवा फरशीचं अ‍ॅसिड यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. बऱ्याच जणांना वाटतं दोन्ही टाकलं की दोघांची ताकद एकत्र होते. होतं उलटंच, अ‍ॅसिड हायपोला मोडतं आणि त्यातला क्लोरीन गॅस होऊन बाहेर पडतो, म्हणजे जंतू मारणारा माल तुमच्या नाकात जातो. आणि पिवळेपणा हा पाण्यातल्या क्षारांचा असतो, तो अ‍ॅसिडनेच सुटतो, हायपोने नुसता पांढरट दिसतो. मग दोन्ही टाकून फायदा काय?

किती गॅस होतो ते एकदा हिशोबाने बघा. 5 टक्क्यांचा हायपो 100 मिली, म्हणजे साधारण अर्धा कप, आणि 10 टक्के अ‍ॅसिडवालं क्लीनर 50 मिली. पूर्ण रिअ‍ॅक्शन झाली तर दीड लिटरच्या वर क्लोरीन होतो. चार फूट बाय पाच फूट आणि आठ फूट उंच बाथरूम धरा, त्यात साधारण साडेचार हजार लिटर हवा बसते, म्हणजे सगळा गॅस हवेत आला तर दहा लाखात साडेतीनशे भाग क्लोरीन होईल. प्रत्यक्षात बराचसा पाण्यातच राहतो आणि भांड्यातून वाहून जातो. पण त्याचा दहावा हिस्सा जरी हवेत आला तरी 30 च्या वर जातो, आणि कामगारांसाठी 10 भागांनाच जीवाला धोका मानतात. 30 ला छातीत दुखतं, भयंकर खोकला येतो. तुमच्या मावशींना जे झालं ते त्यातलंच असणार.

त्यात क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड असतो, खालीच बसतो. आणि आपल्याकडे काम करणारी बाई भांड्यावर वाकून किंवा उकिडवी बसून घासते, म्हणजे तिचं तोंड बरोबर त्या थरात. वरचा एक्झॉस्ट फॅन लावला म्हणून सुटलो असं समजू नका.

आता खरी गोष्ट सांगतो. दोन बाटल्या मुद्दाम एका बादलीत ओतणारे लोक मी थोडेच पाहिले, अपघात होतो तो एकामागून एक टाकल्यामुळे. आमच्याकडे एकदा नाईटला मावशींनी भांड्यात अ‍ॅसिड टाकून पंधरा मिनिटं मुरायला सोडलं आणि दुसऱ्या वॉर्डला गेल्या, तेवढ्यात एका मामांनी मॉपची उरलेली हायपोची बादली तिथेच ओतली कारण सिंकपेक्षा ते जवळ होतं. त्यांना भांड्यात काय आहे हे माहीतच नव्हतं. फेस आला, डोळ्यातून पाणी, घसा एकदम धरला, ते भिंतीला धरून बाहेर आले. त्यांना ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर दिलं, दुसऱ्या दिवशी घरी गेले. चूक मामांची नव्हती, भांड्यावर काही पाटी नव्हती आणि तसा नियम आम्ही केलेलाच नव्हता, ते मला अजून लागतं.

अमेरिकेत बोस्टनजवळ बर्लिंग्टन नावाच्या गावात 7 नोव्हेंबर 2019 ला एका रेस्टॉरंटमध्ये अगदी हेच झालं. किचनच्या फरशीवर आधी अ‍ॅसिडवालं क्लीनर सांडलेलं होतं, नंतर दुसऱ्याने त्यावर ब्लीचवालं टाकलं, हिरवट फेस आला, लोक बाहेर पळाले. मॅनेजर मात्र वायपरने ते पाणी बाहेर ढकलायला आत राहिला आणि तोच गेला. दहापेक्षा जास्त जणांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. म्हणून फेस दिसला, हिरवट-पिवळा धूर दिसला किंवा डोळे-घसा एकदम जळले तर साफ करायला थांबू नका, आत गेलेल्याला बाहेर बोलवा, स्वतः बाहेर या, दार उघडं राहिलं तर ठीक नाहीतर तेही सोडा. सर्जिकल मास्क किंवा एन-95 गॅस अडवत नाही, ओलं फडकंही भरवशाचं नाही. वासावर तर विसंबूच नका, हायपोचा नेहमीचा वासही तसाच असतो त्यामुळे आपल्या लोकांना फरक कळत नाही. डोळ्यात उडालं असेल तर नळाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, कपड्यांवर सांडलं असेल तर ते काढा.

हॉस्पिटलमध्ये अजून एक जागा आहे जी कोणी सांगत नाही, ती म्हणजे लघवी. लघवी बहुतेक वेळा थोडी आम्लधर्मी असते, शिवाय तिच्यात युरिया, जुनी असेल तर अमोनियाही. त्यावर थेट जोरदार हायपो ओतला तर क्लोरीन आणि क्लोरामाईन नावाचे गॅस निघतात, तेही छातीलाच त्रास देतात. फरशीवर लघवी सांडली तर आधी टिश्यूने किंवा फडक्याने टिपून घ्या, टाकून द्या, मग हायपो लावा. युरिनल, बेडपॅन आधी पाण्याने रिकामं धुऊन घ्यायचं. काच पुसायच्या काही क्लीनरमध्ये अमोनिया असतो, तोही हायपोच्या फडक्याला लागू देऊ नका. आणि गावाकडे पाण्यात टाकतात ती टीसीएल पावडर, ब्लीचिंग पावडर, तिलाही हेच सगळं लागू आहे.

तुमच्या पिवळ्या भांड्याचं असं करा: आधी पाणी सोडा, मग फक्त अ‍ॅसिडवालं क्लीनर, बाटलीवर लिहिल्याइतका वेळ ठेवा, दाराला "अ‍ॅसिड टाकलंय" अशी पाटी अडकवा आणि घासून दोन-तीनदा फ्लश करा, कडांखालीही पाणी मारा. हायपो नंतर लावायचाच असेल तर सगळं धुऊन झाल्यावर, वेगळ्या ब्रशने. हायपो 1 टक्का लागतो, बाटली 5 टक्क्यांची असेल तर 200 मिलीत 800 मिली पाणी. उरलेली बादली भांड्यात नाही, ठरलेल्या सिंकमध्येच.

आणि स्टोअरला जाऊन एक बघा. अ‍ॅसिड आणि हायपो कॅनमधून पाण्याच्या जुन्या बाटल्यांत काढून ठेवलेत का? फरशीचं अ‍ॅसिड पिवळट असतं, हायपोही फिकट पिवळा, बाटलीवर नाव नसेल तर अनुभवी माणूसही ओळखू शकत नाही. आमच्याकडे त्या प्रसंगानंतर अ‍ॅसिड खालच्या कप्प्यात लाल टेप लावून, हायपो दुसऱ्या कपाटात, आणि कोणीही पाण्याच्या बाटलीत भरून दिलं तर घ्यायचं नाही, असं मी सगळ्या शिफ्टला लेखी दिलं होतं.