नोनी ज्यूस, आईंचे गुडघे, किडनी आणि लिव्हर

प्रश्न: आई 66 वर्षांची आहे. गुडघे खूप दुखतात. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे, क्रिएटिनिन 1.8, तीन महिन्यांपूर्वीचं पोटॅशियम 5.2. ओळखीच्या बाईंनी नोनी ज्यूस दिला. आधी 30 मिली दोनदा घेत होती, आता 60 मिली तीनदा घ्यायला सांगितलंय. गुडघ्यांना आणि इम्युनिटीला चांगला म्हणतात. पण त्यात पोटॅशियम जास्त असतं आणि लिव्हर खराब होतं असंही वाचलं. चालू ठेवू की बंद करू?

उत्तर: बंद करा, आजपासूनच. हळूहळू कमी करत नेण्याची गरज नाही, या रसाची सवय लागत नाही. उद्या-परवाच पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या, त्यासोबत लिव्हर फंक्शन टेस्टही करा.

मी 19 वर्षे किडनी विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं, त्यामुळे आधी पोटॅशियमचं सांगते. नोनीत पोटॅशियम अफाट असतं असं सगळीकडे लिहिलेलं दिसतं. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं समजलं नाही तर माणूस चुकीच्या ठिकाणी घाबरतो. 2000 साली किडनीच्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका रुग्णाची हकिगत आली होती. त्याची किडनी आधीच कमजोर होती, कमी पोटॅशियमचा आहार आपण नीट पाळतोय असं तो सांगत होता, तरी रक्तातलं पोटॅशियम चढलेलं. शेवटी तो स्वतःच्या मनाने नोनी ज्यूस घेतोय हे कळलं. डॉक्टरांनी रस तपासला तेव्हा लिटरला 56.3 मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम निघालं, म्हणजे लिटरला साधारण 2200 मिलिग्रॅम. संत्र्याच्या किंवा टोमॅटोच्या रसातही जवळपास एवढंच असतं.

आता तुमच्या आईंचा हिशेब करू. 30 मिलीत 66 मिलिग्रॅम, दोनदा घेतलं तर 132. ज्याची किडनी ठणठणीत आहे त्याला याने काही होत नाही. पण 60 मिली तीनदा म्हणजे 180 मिली, म्हणजे जवळजवळ 400 मिलिग्रॅम. पोटॅशियम वर असलेल्या किडनीच्या रुग्णाला आम्ही बहुतेक वेळा दिवसाला 2000 मिलिग्रॅमच्या आसपास बांधून देतो. त्याचा पाचवा हिस्सा एका बाटलीतून जातो, आणि ही बाटली आहाराच्या कागदावर कुठेच नसते. तुम्ही केळं बंद करता, टोमॅटो कमी करता, आणि तेवढंच पोटॅशियम दुसऱ्या दाराने आत येतं.

बाजारात मिळणारा रस बहुतेकदा निव्वळ नोनीचा नसतो. नोनीचं पिकलेलं फळ आंबूस, कुजकट वासाचं असतं, म्हणून त्यात द्राक्षाचा किंवा इतर फळांचा रस मिसळतात. म्हणजे तुमच्या बाटलीतला आकडा माझ्या हिशेबापेक्षा कमी किंवा जास्त असू शकतो. लेबलवर पोटॅशियम लिहिलेलंच नसेल, तर किडनीच्या रुग्णाला ती बाटली देऊच नये असं माझं मत आहे.

एवढ्याशा पोटॅशियमनं आईंना धोका का, हा खरा प्रश्न आहे. 66 वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन 1.8 असेल तर जीएफआर साधारण 31 येतो. म्हणजे गाळण्याची ताकद निम्म्याहून कमी राहिली आहे. त्यावर टेल्मिसार्टन. ते किडनीसाठी चांगलं औषध आहे, पण पोटॅशियम बाहेर टाकण्याचा वेग ते कमी करतं. आणि तिसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण गुडघे इतके दुखत असतील तर आई अधूनमधून वेदनाशामक गोळी घेत असणार. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात आणि पोटॅशियमही वाढवतात. तीन महिन्यांपूर्वी 5.2 होतं, तेव्हाच ते वरच्या कडेला टेकलेलं होतं. त्यावर रोजचे 400 मिलिग्रॅम पडले तर आकडा कुठे जाईल हे घरी बसून सांगता येत नाही. टेल्मिसार्टन मात्र स्वतःहून बंद करू नका, तो निर्णय डॉक्टरांचा.

पोटॅशियम वाढलेलं बहुतेकदा जाणवत नाही. पायात जीव नसल्यासारखं वाटणं, हातपाय जड होणं, छातीत धडधड किंवा ठोका चुकल्यासारखं होणं, यातलं काहीही असेल तर रिपोर्टची वाट पाहू नका, इसीजी होईल अशा दवाखान्यात लगेच जा. आकडा 6 च्या वर आला तरी तेच. काही वेळा सुई टोचताना रक्तपेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं जास्त दिसतं. अशा वेळी लॅब ‘नमुना हिमोलाइज्ड’ असा शेरा देते. तो शेरा असेल तर नमुना पुन्हा द्यायचा, पण तोवर आकडा खरा आहे असंच धरून वागायचं.

माझ्याकडे आलेले एक गृहस्थ अजून डोळ्यासमोर आहेत. पोटॅशियम 6.1, पुन्हा तपासलं तर 5.9. खाण्याची वही अगदी नीट लिहिलेली. मी मिठाऐवजी वापरायच्या लो-सोडियम मिठाबद्दल विचारलं, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. नाही म्हणाले. अर्धा तास माझी उलटतपासणी चालली होती. औषधं दाखवायला म्हणून त्यांच्या पत्नीने पिशवी उपडी केली, त्यात बाटली निघाली. बाटलीच्या मापाच्या झाकणाला आतून तपकिरी थर बसलेला. ‘हे औषध नाही हो, फळाचा रस आहे,’ त्या म्हणाल्या. म्हणूनच वहीत नव्हता. रस थांबवला, दहा दिवसांनी पोटॅशियम 4.9. त्या दिवशी डॉक्टरांनी पोटॅशियम उतरवायची पावडरही दिली होती, त्यामुळे सगळं श्रेय रस थांबवण्याला देणार नाही. पण तेव्हापासून ‘औषधं कोणती?’ एवढ्यावर मी कधी थांबले नाही, ‘बाटलीतून काय काय पिता?’ हेही विचारत आले.

लिव्हरची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती जास्त काळजीची वाटते. कारण तिथे मापाचा हिशेब चालत नाही. 2005 मध्ये ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी दोन रुग्ण नोंदवले. पहिला 29 वर्षांचा तरुण, त्याला पूर्वी पॅरासिटामॉलच्या अगदी थोड्या मात्रेनेही लिव्हरला सूज आली होती. त्याने तीन आठवड्यांत दीड लिटर नोनी ज्यूस घेतला. लिव्हर निकामी होत गेलं आणि तातडीने प्रत्यारोपण करावं लागलं. दुसरी 62 वर्षांची बाई, आधी लिव्हरचा कसलाही आजार नव्हता. तिने तीन महिन्यांत दोन लिटर घेतला. तिला हिपॅटायटिस झाला, पण तो आपोआप उतरला. या आकड्यांना भागून पाहा. तरुणाचं रोजचं माप 70 मिलीच्या आसपास पडतं, आणि त्या बाईचं 22 मिली. 22 मिली म्हणजे तुमच्या आईंनी सुरुवातीला घेतलेल्या मापाच्या निम्म्याहून कमी. म्हणून ‘कमी घ्या म्हणजे काही होत नाही’ हा सल्ला लिव्हरच्या बाबतीत मला पटत नाही. असा त्रास फार थोड्यांना होतो, पण कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. युरोपात 2003 मध्ये या रसाला मान्यता मिळाली होती. हे रुग्ण पुढे आल्यावर 2006 मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने सगळं पुन्हा तपासलं आणि नोनीमुळेच हे झालं असं ठामपणे सिद्ध होत नाही असं म्हटलं. संशय अँथ्राक्विनोन नावाच्या रसायनांवर होता. ती मुळात आणि पानात आढळतात, फळाच्या नीट काढलेल्या रसात फारशी सापडत नाहीत. त्यामुळे नेमकं कारण अजून पकडीत आलेलं नाही. पण त्यानंतरही वेगवेगळ्या देशांतून एकेक रुग्ण नोंदवला जात राहिला, त्यात 14 वर्षांचा एक मुलगाही आहे. नळी दिसत नाही म्हणून गळती नाही असं मी म्हणणार नाही.

डॉक्टर हे निदान कसं करतात तेही कळलं म्हणजे तुम्हाला रिपोर्ट वाचता येतील. रसामुळेच झालं असं दाखवणारी तपासणी नाही. आधी हिपॅटायटिस ए, बी, सी, ई वगळतात, ऑटोइम्यून आजार वगळतात, सोनोग्राफीत पित्ताचे खडे नाहीत ना पाहतात. मग संशयातली वस्तू बंद करून एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, उतरतं का ते आठवड्या-दोन आठवड्यांनी बघतात. म्हणून बाटली फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला ठेवा. लेबलवर नोनीसोबत अश्वगंधा, गार्सिनिया, गुळवेल किंवा ग्रीन टीचा अर्क असेल तर तेही सांगा, यांच्याही लिव्हरच्या तक्रारी नोंदलेल्या आहेत. आणि ‘खरंच त्यानेच झालं का पाहू’ म्हणून पुन्हा सुरू करायचं नाही. दुसऱ्यांदा झालेली इजा पहिल्यापेक्षा वाईट असू शकते.

घरी बघायचं ते हे: लघवी चहासारखी गडद होणं, डोळे पिवळे, अंगाला खाज, अन्नाची शिसारी, उजव्या बरगडीखाली जडपणा. विकणारे लोक अशा त्रासाला ‘शरीर साफ होतंय, डोस वाढवा’ असं सांगतात. हे वाक्य ऐकलं की मला संताप येतो. पिवळे डोळे म्हणजे शरीर साफ होत नाहीये, लिव्हर अडचणीत आहे.

इम्युनिटीचा दावा बहुतांशी काचेच्या भांड्यातल्या पेशी आणि उंदरांवरच्या प्रयोगांवर उभा आहे. माणसाला त्याने आजार कमी होतात असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. ‘झेरोनिन’ नावाच्या जादुई घटकाची गोष्ट माहितीपत्रकात असेल तर लक्षात ठेवा, त्या पदार्थाचं अस्तित्वच विज्ञानाने मान्य केलेलं नाही. सांध्यांसाठी माणसांवर काही छोटे अभ्यास झालेत, पण त्यावर औषध म्हणून विसंबता येणार नाही. आईंना ‘थोडं बरं वाटतंय’ असं वाटत असेल तर ते खोटं बोलणं नाही. गुडघ्याचं दुखणं चढतं-उतरतं असतं, नवा उपाय माणूस दुखणं शिगेला पोहोचल्यावर सुरू करतो, आणि त्यानंतर ते बहुधा थोडं उतरतंच. हे त्यांना समजावताना ‘तू फसलीस’ असं म्हणू नका. ‘डॉक्टरांनी रिपोर्ट येईपर्यंत थांबवायला सांगितलंय’ म्हणा, ते त्या ऐकतील.

गुडघ्यांसाठी मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि वेदनाशामक म्हणून त्यांना काय चालेल ते किडनीच्या डॉक्टरांनाच विचारा. आता रिपोर्ट करताना एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज हे चारही घ्या. एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून वर आणि सोबत बिलिरुबिनही वाढलेलं असेल तर त्याच दिवशी लिव्हरच्या डॉक्टरांकडे. सगळं ठीक आलं तरी पोटॅशियम मात्र रस बंद केल्यावर दोन आठवड्यांनी एकदा पुन्हा तपासा.