फिरेंझेचं फ्लॉरेन्स कसं झालं?

प्रश्न: इटलीतले लोक ज्या शहराला फिरेंझे म्हणतात, त्याला बाकीचे फ्लॉरेन्स का म्हणतात? मूळ नाव बिघडवलं का?

बिघडवलं नाही, उलट फ्लॉरेन्स हेच जुन्या नावाच्या जास्त जवळ आहे. रोमन काळात शहराचं लॅटिन नाव होतं फ्लोरेंतिया. पुढे तिथल्या बोलीत शब्दारंभीच्या ‘फ्ल’चा ‘फ्य’ झाला (लॅटिन ‘फ्लामा’, म्हणजे ज्वाला, इटालियनमध्ये ‘फियामा’ झाली), तसं शहराचंही आधी फियोरेंझा आणि मग घासून फिरेंझे झालं. फ्रेंचमध्ये मात्र ‘फ्ल’ टिकला. तिथून फ्लॉरेन्स इंग्रजीत गेलं आणि इंग्रजीतून आपल्याकडे आलं. म्हणजे नाव बदललं ते घरच्यांनीच, परक्यांनी जुनं सांभाळलं!

अर्थात बाहेरचं नाव दरवेळी जुनं रूप जपतंच असं नाही, आणि ते कायम टिकतं असंही नाही. इटलीतल्याच लिव्होर्नो बंदराला इंग्रज लेगहॉर्न म्हणत. आता इंग्रजीतही बहुतेक लिव्होर्नोच लिहितात, लेगहॉर्न उरलं ते मुख्यतः कोंबडीच्या जातीत. पोल्ट्रीवाल्यांना ते पाठ असतं. साधारणपणे अशी वेगळी नावं व्यापार, धर्म किंवा सत्तेमुळे दूरवर माहीत झालेल्या शहरांनाच मिळतात; आडगावाला परभाषेत वेगळं नाव सहसा नसतं.