ओढा पाठ होतो, ‘ओढ्याला’ मात्र ओळखता येत नाही

‘मॅडम, शाळेच्या ग्रुपवर दर शनिवारी शब्दांच्या यादीचा फोटो येतो. मुलगा तिसरीत आहे. रात्री अर्थ पाठ करतो, सोमवारी विसरतो. त्याला मराठी कच्चं राहील का?’

अमळनेरजवळच्या एका गावातल्या या ताई मुलाला घेऊन आल्या, तेव्हा मी आधी तो फोटोच मागितला. आठ शब्द होते: ओढा, पार, चाहूल, लगबग, धीर, कुजबुज, निथळणे, हुरहूर. कागदाची घडी नेमकी पहिल्या शब्दावर आली होती आणि काना घडीत गेला होता. मुलाने ‘ओढ म्हणजे लहान नदी’ असं पाठ केलं होतं. म्हणून फोटो मोठा करून एकेक अक्षर वाचायचं, शंका आली तर अंदाज न करता शिक्षकांना विचारायचं आणि यादी स्वच्छ अक्षरात वहीत उतरवायची. या शब्दांची गोष्ट रचायची ती त्यानंतर.

ताईंनी एक गोष्ट स्वतःहून रचली होती. आठही शब्द चार वाक्यांत बसवले होते. मुलगा ती ऐकताना बोटांवर शब्द मोजत होता आणि आठवा येताच उठून गेला. घाईने रचलेल्या गोष्टीत असंच होतं. शब्द हजेरी लावतात, पण त्यांच्यामुळे काही घडत नाही.

खरी अडचण मला त्याच्या वाचनात दिसली. ‘ओढ्याला पाणी आलं’ हे वाक्य त्याने नीट वाचलं आणि विचारलं, ‘ओढ्या कोण?’ त्याच्या घरी अहिराणी बोलतात. अहिराणीत मया म्हणजे मळा आणि मळ्यात म्हणजे ‘मयामा’. मूळ शब्द तसाच राहतो, त्याला फक्त शेपूट लागतं. प्रमाण मराठीत मात्र मळ्याचा ‘ळा’च बदलतो, तसाच ओढ्याचा ‘ढा’ही. यादीत शब्द एकाच रूपात असतो, पुस्तकात तो बऱ्याचदा रूप बदलून येतो. पाठांतर इथे उपयोगी पडत नाही, कारण मुलाने पाठ केलेला शब्द त्याच्यासमोर अनेकदा त्या रूपात येतच नाही. हा मुलाचा कच्चेपणा नाही. यादीची ही मर्यादा गोष्टीनेच भरून काढता येते.

मग आम्ही तिघांनी बसून पोळ्याची गोष्ट रचली. नियम दोनच ठेवले: प्रत्येक शब्द निदान दोनदा यावा, आणि ज्यांचं रूप बदलतं ते शक्यतो दोन रूपांत यावेत.

‘पोळ्याच्या आदल्या दिवशी घरात लगबग होती. सगळे लगबगीने बैल धुवायला निघाले. ओढा भरून वाहत होता. ओढ्यातून बैल बाहेर आले, तेव्हा त्यांच्या अंगावरून पाणी निथळत होतं. पण छोटा गोऱ्हा दिसेना! पिंपळाच्या पारावर म्हातारी माणसं कुजबुजू लागली. ती कुजबुज ऐकून मुलाला हुरहूर लागली. आजी म्हणाली, “धीर धर. ओरडू नकोस, तो बुजेल.” मुलाने धीराने वाट पाहिली. तो हलक्या पावलांनी चालत राहिला. गोऱ्ह्याला त्याची चाहूल लागली. मुलालाही चाहूल लागली, कुणीतरी श्वास घेत होतं. निथळत्या अंगाने गोऱ्हा पाराच्या मागेच उभा होता!’

पहिल्यांदा ही गोष्ट ताईंनी नुसती सांगितली. अर्थ सांगायला त्या मध्येच थांबल्या नाहीत. ‘निथळणे’ला समानार्थी शब्द शोधत बसण्यापेक्षा ओला बैल डोळ्यांसमोर आणणं सोपं. ओढ्याबद्दल मुलानेच विचारलं, ‘म्हणजे आपला नालाच ना?’ वस्तू ओळखीचीच होती, नाव तेवढं नवं होतं. दुसऱ्यांदा त्याने ती वहीतून वाचली आणि प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढली. ‘ओढ्यातून’खाली रेघ ओढताना थोडा थांबला, मग ‘ओढा’पर्यंत परत गेला.

दोन दिवसांनी अर्थ विचारायचे नाहीत, गोष्ट सांगायला लावायची. तो म्हणाला, ‘गोऱ्हा पारना मांगे व्हता.’ ताई दुरुस्त करायला निघाल्या, तेव्हा मी त्यांना थांबवलं. पार त्याला समजला होता, ‘पाराच्या’ हे रूप पुढे येईल. अहिराणीत सांगितलेली गोष्टही समजल्याची खूणच आहे. मूल घरच्या बोलीतही गोष्ट सांगू शकत नसेल किंवा अक्षरंच ओळखत नसेल, तर मात्र प्रश्न शब्दांचा नाही. तेव्हा वाचन आणि ऐकणं वेगळं तपासून घ्यावं लागतं.

आठवड्याने सात शब्द त्याच्या बोलण्यात आले, ‘हुरहूर’ राहिला. वहीत पाहिलं तर आम्हीच आमच्या नियमाला फाटा दिला होता. तो शब्द गोष्टीत एकदाच आला होता, आणि त्या वाक्यातून मुलाला नेमकं काय वाटलं ते कळत नव्हतं. ताईंनी आणखी दोन वाक्यं घातली: ‘त्या रात्री त्याला भाकर गोड लागेना. हुरहुरीने तो दोनदा गोठ्यात जाऊन आला.’

मुलगा म्हणाला, ‘पण गोऱ्हा तर सापडला ना? मग ही वाक्यं आधी हवीत.’ आणि त्याने पेन्सिलीने बाण काढून ती गोऱ्हा सापडतो त्या वाक्याच्या वर नेली.