पकड भागिले वजन: भागाकार वाढला म्हणजे स्नायू सुधारला असं नाही

> माझं वय ४६, वजन ८४ किलो, उजव्या हाताची पकड ३३ किलो. बाबा ७१ वर्षांचे, वजन ५६, पकड २९. पकडीला वजनाने भागलं तर माझे ०.३९ येतात आणि बाबांचे ०.५२. दोन वर्षांपूर्वी पकड मोजायचं यंत्र घेतलं तेव्हा बाबा ६२ किलोंचे होते आणि पकड ३१ होती, म्हणजे ०.५०. काही न करता त्यांचा आकडा सुधारला! माझे स्नायू बाबांपेक्षा खराब आहेत का? आणि नेटवर पुरुषांना कुठे ०.४५ हवेत म्हणतात, कुठे ०.८. खरं काय?

आधी बाबांबद्दल बोलतो, कारण मला काळजी त्यांची वाटते.

त्यांचा भागाकार वाढला तो खालचा आकडा घसरला म्हणून. दोन वर्षांत ६२ चे ५६, म्हणजे जवळजवळ दहा टक्के वजन गेलं. पकड ३१ वरून २९ वर आली, म्हणजे साधारण साडेसहा टक्के. वजन पकडीपेक्षा जास्त वेगाने उतरलं की हा भागाकार आपोआप वर जातो. माणूस अशक्त होत असतानाही जातो. मी वीस वर्षं फिजिओथेरपी करतोय आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हा भागाकार एकटा कधीच वाचत नाही, तो याच कारणासाठी.

म्हणूनच वयामुळे स्नायू झिजतात त्या आजाराच्या, सार्कोपेनियाच्या निदानात आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली ज्या रेषा दिल्या त्या नुसत्या किलोत आहेत: पुरुषांना २८, बायकांना १८. त्याखाली पकड गेली की पुढची तपासणी करायची. बाबा त्या रेषेच्या फक्त एक किलो वर आहेत. पकडीतला दोन किलोंचा फरक मोजण्यातल्या चुकीचाही असू शकतो, त्यावरून मी काही ठरवणार नाही. सहा किलो वजन मात्र मोजण्याच्या चुकीने जात नाही. त्यांनी मुद्दाम कमी केलेलं नसेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि सांगताना "वजन उतरलंय" एवढंच न म्हणता दोन्ही तारखा आणि दोन्ही वजनं सांगा. साखर, थायरॉइड, दातांमुळे कमी झालेलं जेवण, इथून शोध सुरू होतो.

आता तुमचं. ०.३९ आणि ०.५२ मधला सगळा फरक स्नायूंचा नाही, थोडा गणिताचा आहे. स्नायूची ताकद त्याच्या जाडीच्या, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. वजन घनफळाबरोबर वाढतं. शरीर मोठं होतं तेव्हा क्षेत्रफळ घनफळाइतकं वाढत नाही, त्यामुळे सरळ वजनाने भागलं की मोठ्या अंगाच्या माणसावर अन्याय होतो आणि किरकोळ माणसाला फुकटचे गुण मिळतात. हे दुरुस्त करायला वजनाच्या दोन-तृतीयांश घाताने भागतात:

```
33 / 84^(2/3) = 1.72
29 / 56^(2/3) = 1.98
```

सरळ भागाकारात बाबा तुमच्यापेक्षा ३२ टक्के पुढे होते, इथे १५ टक्के. अर्धी तफावत गेली. उरलेली खरी धरायला हवी, कारण तुम्ही पंचवीस वर्षांनी लहान आहात आणि खरं तर पुढे तुम्ही असायला हवं होतं.

पण ही तफावत "स्नायू खराब" असल्याची असेलच असं नाही. स्नायूची गुणवत्ता म्हणजे एक किलो स्नायूमागे किती ताकद. तुम्ही भागलंत ते अख्ख्या शरीराच्या वजनाने, आणि त्यात चरबीही आली. आपल्याकडे ही गोष्ट जास्त लागू आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर २००४ साली लॅन्सेटमध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाटा हा फरक दाखवत नाही. त्यामुळे तुमच्या ०.३९ मध्ये स्नायू कमजोर असणं किती आणि पोटाचा घेर किती, हे वेगळं काढायला निदान कंबर तरी मोजा.

मग भागायचंच कशाला? चयापचयासाठी, म्हणजे मधुमेहासारख्या आजारांचा अंदाज घ्यायला. १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या प्युअर या अभ्यासात (२०१५, भारतही होता) नुसती पकड पाच किलोंनी कमी असली तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला, पण पुढे मधुमेह होण्याशी तिचा ठळक संबंध दिसला नाही. वजन जास्त असलेल्यांची पकडही जास्त असते, तिथे संबंध झाकला जातो. वजनाने भागलं की तो वर येतो. म्हणून चाळिशी-पन्नाशीत, पोट सुटायच्या वयात, मी भागाकार बघतो. सत्तरीत किलो आणि वजन वेगवेगळे बघतो.

तुमच्यासाठी एक इशारा. समजा तुम्ही कडक डाएट करून ७४ वर आलात आणि पकड २९.५ झाली. भागाकार ०.४० येईल, म्हणजे किंचित सुधारलेला, आणि हातातली साडेतीन किलो ताकद गेलेली असेल. वजन कमी करताना वरचा आकडा टिकवायचा, ३३ चा ३३ राहिला तर ७६ किलोंना ०.४३ होतात आणि ती खरी कमाई.

०.४५ आणि ०.८ चा गोंधळ बहुतेक हातांचा आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणावर आधारलेल्या बऱ्याच लेखांत दोन्ही हातांची सर्वोत्तम पकड मिळवून मग वजनाने भागलेली असते, त्यामुळे आकडा जवळजवळ दुप्पट दिसतो. कुठलाही तक्ता घेण्याआधी एक हात की दोन, ते बघा.

मोजण्याबद्दल थोडं. तुमच्या घरच्या स्प्रिंगच्या यंत्रावर उभं राहून, कोपर सरळ ठेवून मोजतात. दवाखान्यातल्या जामार या हायड्रॉलिक यंत्रावर बसून, कोपर काटकोनात. दोन्हींचे आकडे एकमेकांशी जुळवू नका. अंगठी काढा. मुठीची दांडी अशी लावा की बोटांची मधली पेरं तिच्यावर बसतील. दाबताना श्वास सोडा, तीनेक सेकंद दाबा, हात मांडीवर आपटू देऊ नका. प्रत्येक हाताने तीनदा, मध्ये मिनिटभर विश्रांती, सगळ्यांत मोठा आकडा लिहा. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर हा आकडा हाताचा आजार सांगतो, अंगाची ताकद नाही.

आणि हाताची पकड पायांच्या ताकदीबद्दल काही सांगत नाही. माझ्याकडे एक गवळी काका यायचे, आयुष्यभर हाताने धारा काढलेले. पकड ३८, आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार लागायचा. बाबांना छातीवर हात बांधून खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला सांगा, तुम्ही शेजारी उभे राहा आणि वेळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर समजायचे, पकड २९ असली तरी.

ते सेकंद, आणि बाबांचं मधल्या काळातलं एखादं वजन कुठे लिहिलेलं असेल तर ते, इथेच टाका. सहा किलो हळूहळू गेले की गेल्या चार महिन्यांत, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.