नऊ महिन्यांची मुलगी, आलेखात खाली आणि अजून रांगत नाही

"माझी मुलगी नऊ महिन्यांची झाली. पंधरा दिवसांपूर्वी वजन ७.१ किलो होतं, आज ६.९ भरलं. आलेखातही ती मधल्या रेषेच्या बरीच खाली आहे, चौथ्या महिन्यात तर सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली होती. अजून रांगत नाही, बसवली तर पुढे हात टेकते. माझं दूध कमी पडतंय का? ती मागे पडली आहे का?"

आलेखावरचा प्रत्येक ठिपका दोन आकड्यांवर उभा असतो. उभ्या अक्षावर वजन, आडव्या अक्षावर वय. यातला एक आकडा चुकला तरी ठिपका चुकीच्या जागी बसतो. म्हणून बाळाच्या खाण्यापिण्याची चौकशी करण्याआधी हे दोन्ही आकडे तपासावे लागतात. या बाळाच्या बाबतीत दोन्ही आकड्यांत गडबड होती.

आधी वजन. पंधरा दिवसांपूर्वी बाळाला दुसरीकडे, दुसऱ्या काट्यावर, लोकरी झबलं आणि डायपरसकट ठेवलं होतं. आज ते उघडं करून मोजलं. आईच्या पिशवीत तेच झबलं होतं. ते आणि नुकताच काढलेला ओला डायपर काट्यावर ठेवले, तर दोन्ही मिळून २४० ग्रॅम भरले. म्हणजे 'कमी झालेले' २०० ग्रॅम बाळाचे नव्हतेच. या वयात महिन्याची वाढच साधारण २५० ते ३०० ग्रॅम असते. तेवढं वजन कपड्यांत सहज लपतं किंवा कपड्यांमुळे फुगतं. तान्ह्या बाळाचं वजन उघड्या अंगाने, शक्यतो त्याच काट्यावर आणि काटा शून्यावर आणूनच घ्यायचं. कपड्यांसकट घेतलेला आकडा पुसायचा नाही, पण त्याच्यापुढे 'कपड्यांसह' असं लिहायचं आणि त्याला रेषेत जोडायचं नाही.

मग वय. कार्डाच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात लिहिलेलं होतं: जन्म ३३ आठवड्यांचा, वजन १.९ किलो. पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे धरतात, म्हणजे ही मुलगी ७ आठवडे आधी आली. आलेखातल्या रेषा मात्र पूर्ण दिवसांच्या मुलांच्या वयावर आखलेल्या असतात. तिचा ठिपका तिथे टाकायचा, तर जन्मतारखेपासून मोजलेल्या वयातून हे ७ आठवडे वजा करावे लागतात. याला सुधारित वय म्हणतात. नऊ महिने म्हणजे सुमारे २७४ दिवस, त्यातून ४९ वजा केले की २२५ उरतात. म्हणजे सात महिने आणि दहा-बारा दिवस. ही वजाबाकी दोन वर्षांपर्यंत करायची, त्यानंतर सोडून द्यायची.

कार्डावर आधीच्या भेटींचे ठिपके जन्मतारखेच्या वयानेच पडले होते. ते तसेच ठेवून दुसऱ्या रंगाच्या पेनाने नव्याने मांडले. चौथ्या महिन्याला वजन ४.८ किलो होतं, तो ठिपका आता दोन महिने दहा दिवसांच्या आसपास आला. सहाव्या महिन्याचे ५.९ किलो साडेचार महिन्यांच्या जरा अलीकडे आणि आजचे ६.९ सात महिन्यांच्या थोडे पुढे. तिन्ही ठिपके जोडले, तर रेष पंधराव्या पर्सेंटाइलच्या रेषेला जवळजवळ चिकटून वर जात होती. जुन्या ठिपक्यांत ती सगळ्यात खालच्या रेषेखालून सुरू होऊन हळूहळू वर येताना दिसत होती. तो दोष बाळाचा नाही, वजाबाकी न केल्याचा आहे. पहिल्या महिन्यांत वाढ फार वेगाने होते, म्हणून तिथे ७ आठवड्यांचा फरक फार मोठा दिसतो. पुढे वाढ मंदावते आणि तोच फरक लहान दिसू लागतो.

'पंधरावं' हा शब्द ऐकला की पालकांच्या डोळ्यांसमोर गुणपत्रिका येते, शंभरपैकी पंधरा गुण मिळाल्यासारखे. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत, रांगेतली जागा आहे. त्याच वयाच्या शंभर निरोगी मुली वजनाप्रमाणे ओळीने उभ्या केल्या, तर साधारण पंधरा हिच्यापेक्षा हलक्या आणि पंच्याऐंशी जड असतील. ओळीतल्या सगळ्याच निरोगी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जाहीर केलेले हे आलेख भारतासह सहा देशांतल्या, चांगली काळजी आणि आईचं दूध मिळालेल्या मुलांवरून बनवले आहेत. मधली रेष हे गाठायचं ठिकाण नाही. बघायचं असतं ते बाळ आपल्या रेषेच्या बरोबरीने चालतंय का. रेष खाली झुकत दोन छापील रेषा ओलांडून गेली किंवा लागोपाठच्या दोन भेटींत आडवी पडली, तर दूध, वरचा आहार, आजारपण सगळं उलगडून बघावं लागतं. या मुलीत तसं काही नव्हतं. लांबी आणि डोक्याचा घेरही आपापल्या रेषेने चालले होते. आईच्या दुधावर शंका घ्यायला आलेखात कुठेही जागा नव्हती.

विकासाच्या टप्प्यांनाही हेच सुधारित वय लावायचं. आधाराशिवाय बसणं ही गोष्ट निरोगी मुलं साधारण ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान कधीतरी करतात, हातगुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिन्यांत. एवढा मोठा पल्ला आहे. शिवाय ज्या मुलांवरून हे पल्ले ठरले, त्यांच्यातली सुमारे चार टक्के मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. त्यामुळे नुसतं 'रांगत नाही' हे वाक्य फारसं काही सांगत नाही. सात महिन्यांच्या बाळाने पुढे हात टेकून बसणं ही बसायला शिकण्याची पायरीच आहे.

नोंदवहीत 'हो-नाही' एवढंच लिहिलं की ही पायरी हरवते. म्हणून तीन प्रकारे लिहायचं: स्वतः करते, आधाराने करते, अजून नाही. प्रत्येकापुढे तारीख. या भेटीत तिला एक लाकडी ठोकळा दिला. तिने तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, दोन्ही हात सारखे वापरले, मागून हाक मारली तेव्हा वळून पाहिलं आणि 'बाबाबा' असे आवाज काढले. रांगण्यापेक्षा या चार नोंदी जास्त बोलतात. वर्षाच्या आत बाळ एकच हात पुढे करत असेल, आवाजाकडे वळत नसेल, अंग फार ताठ किंवा फार सैल वाटत असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता दाखवायचं. आणि आधी येत असलेली गोष्ट करणं बाळाने सोडलं, तर ते कुठल्याही वयात तातडीचं असतं.

निघताना वडिलांनी विचारलं, "मग लसही सात महिन्यांच्या हिशोबाने द्यायची का?" हा गोंधळ नेहमी होतो. लसीला वजाबाकी नाही. ती जन्मतारखेच्या वयानेच द्यायची, म्हणून नवव्या महिन्याची लस आजच.

कार्डाच्या वरच्या कडेला ठळक लिहून दिलं: '७ आठवडे वजा'. पुढची भेट चार आठवड्यांनी, याच काट्यावर, उघड्या अंगाने. तेव्हा ७.१ ते ७.२ च्या आसपास वजन अपेक्षित आहे. ७ च्या खाली राहिलं तर आहाराची सविस्तर चौकशी आणि डॉक्टरांची तपासणी करायची. बसण्याच्या पल्ल्याची वरची हद्द जन्मतारखेच्या मोजणीने तिच्यासाठी साधारण पावणेअकरा महिने येते, ती तारीख नोंदवहीत पेन्सिलने मांडून ठेवली आहे.