म्हशींची वर्गणी चालते, केळीची का बुडते?

भिशीसारखी वर्गणी काढून गल्लीतच विमा चालवायचा असेल, तर आधी हिशेब मांडा. समजा पन्नास घरं, प्रत्येकी ८०,००० रुपयांची एक म्हैस, आणि वर्षाला पन्नासात सरासरी एक दगावते. मग प्रत्येक घराचा वाटा १,६०० रुपये. पण तेवढेच गोळा केले तर फसाल. सरासरी एक असली तरी साधारण दर चौथ्या वर्षी दोन किंवा जास्त म्हशी जातात, आणि दुसऱ्या घराला द्यायला पैसाच उरत नाही. म्हणून २,००० घ्या आणि उरलेलं बँकेत साठू द्या. पहिली दोन-तीन वर्षं तरीही नाजूकच. म्हातारी, आजारी म्हैस आत घेऊ नका. कानातल्या बिल्ल्याचा नंबर वहीत हवाच, नाहीतर भलतीच म्हैस दाखवली जाते.

हाच हिशेब रावेर-यावलच्या केळीला लावू नका. एक म्हैस मेली म्हणून शेजारची मरत नाही, वादळ मात्र एका रात्रीत सगळ्यांच्याच बागा आडव्या करतं. तेव्हा भरणारेही तेच आणि मागणारेही तेच. अशा नुकसानीला लांबलांबच्या जिल्ह्यांतली घरं एकत्र लागतात. विमा कंपन्यासुद्धा त्यासाठीच स्वतःचा पुनर्विमा उतरवतात.