सिक्युरिटी की हरवली, पण लॅपटॉपवर लॉगिन चालू आहे: आधी काय करावं?

प्रश्न: माझी यूएसबी सिक्युरिटी की हरवली. गूगल आणि गिटहबला तीच एक लावली होती. लॅपटॉपवर दोन्हीकडे अजून लॉगिन आहे. आधी काय करू? त्याच मॉडेलची नवी की घेतली तर चालेल का?

उत्तर: नवी की जुनीच्या जागी आपोआप चालणार नाही. प्रत्येक कीमधलं गुपित त्या चिपच्या बाहेर येत नाही, त्यामुळे तिची नक्कल कंपनीलाही करता येत नाही. नवी की घ्याच, पण ती प्रत्येक खात्यात नव्याने नोंदवावी लागेल, आणि त्यासाठी आधी खात्यात शिरता आलं पाहिजे. म्हणून सध्या तुमच्याकडची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे लॅपटॉपवरचं ते चालू लॉगिन. लॉगआउट करू नका, ब्राउझरच्या कुकीज पुसू नका आणि पासवर्डही लगेच बदलू नका, कारण पासवर्ड बदलला की बऱ्याचदा बाकीची लॉगिनं बंद होतात.

सुरुवात गूगलपासून करा, कारण इतर खात्यांची रिसेटची पत्रं तिथेच येत असणार. सुरक्षेच्या पानावर 2-Step Verification उघडा. पासवर्ड विचारेल. कीही मागितली तर "Try another way" दाबा आणि फोनवर सूचना किंवा कोड येतो का बघा. आत गेलात की बॅकअप कोड काढा: ८ अंकी १० कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवा. मग नवी की जोडा, दुसऱ्या खिडकीत (इन्कग्निटोमध्ये) तिने लॉगिन करून पाहा, आणि मगच हरवलेली की यादीतून काढा. हा क्रम उलटा झाला तर मधल्या काळात तुम्हीच बाहेर राहू शकता.

गिटहबवर बहुधा तुम्हाला वाटतंय तितकं अवघड नाही. तिथे ऑथेंटिकेटर अ‍ॅप किंवा एसएमएस लावल्याशिवाय की जोडताच येत नाही, त्यामुळे तुम्ही कधीतरी त्यातलं एक लावलं असणार. फोनवरचं अ‍ॅप उघडून बघा. शिवाय `github-recovery-codes.txt` नावाची फाईल डाउनलोड्समध्ये शोधा, लोक ती उतरवतात आणि विसरतात. यातलं काहीच उरलं नाही आणि लॉगिनही गेलं, तर पूर्वी वापरलेलं उपकरण, एसएसएच की किंवा अ‍ॅक्सेस टोकन दाखवून अर्ज करता येतो. त्याची छाननी १ ते ३ कामकाजाच्या दिवसांत होते. तेही नसेल तर गिटहब खातं उघडून देत नाही.

आणखी कुठे की लावली होती याची पूर्ण यादी कीमध्येही नसते. दुसरा टप्पा म्हणून केलेल्या नोंदी सहसा तिच्यात साठवल्याच जात नाहीत. मेलमध्ये "security key" शोधा, की जोडल्याची पत्रं सापडतील.

की कुणाला सापडली तरी निव्वळ तिने तुमच्या खात्यात शिरता येत नाही, पासवर्डही लागतो. तिच्यात पासकी असतील तर पिन लागतो, आणि ८ वेळा चुकला की तो कायमचा अडतो. तरी नोंद काढाच. पुढे की सापडली तर ती पुन्हा नोंदवून दुसरी की म्हणून वापरता येईल.